आकडा जास्त, पण चित्र धुरकट: पीएसएनआर आणि एसएसआयएमबद्दलच्या एका दाव्याला उत्तर

"पीएसएनआर जास्त म्हणजे चित्र जास्त शार्प, हे गणित आहे, मत नव्हे. त्यावर भरवसा नसेल तर एसएसआयएम बघा, तो माणसाच्या डोळ्यासारखाच बघतो. ज्याचे दोन्ही आकडे जास्त, तोच अपस्केलर चांगला."

हा दावा अपस्केलरबद्दल आहे, म्हणजे लहान चित्र मोठं करणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल. पीएसएनआर आणि एसएसआयएम हे तयार झालेलं चित्र मूळ चित्राच्या किती जवळ आहे ते सांगणारे दोन आकडे. आधी पीएसएनआर. मूळ चित्र आणि तयार झालेलं चित्र एकावर एक ठेवायचं, प्रत्येक पिक्सेलमधल्या फरकाचा वर्ग करायचा, सगळ्यांची सरासरी, म्हणजे एमएसई, काढायची आणि ती या सूत्रात घालायची:

```
PSNR = 10 * log10(255^2 / MSE)
```

यात कडा, पोत, रेघ असलं काही नाही. शेजारच्या पिक्सेलची दखलसुद्धा नाही. चित्रातला प्रत्येक पिक्सेल 5 ने उजळ करा, एमएसई 25 आणि पीएसएनआर 34.15 डेसिबल. त्याऐवजी सरासरी शून्य आणि प्रमाण विचलन 5 असलेला नॉइज मिसळा, तरी आकडा जवळपास तोच. पहिला बदल सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही, दुसरा सपाट आकाशात लगेच दिसतो.

शार्पनेसचा घोळ मात्र एका छोट्या उदाहरणात नीट कळतो. शर्टावर एकेक पिक्सेल रुंदीच्या उभ्या रेघा आहेत, एकीचा उजळपणा 100, पुढचीचा 156. एका अपस्केलरने घाबरून सगळं पुसून सपाट 128 करून टाकलं. प्रत्येक पिक्सेलची चूक 28, एमएसई 784, पीएसएनआर 19.2. दुसऱ्याने रेघा अगदी कडक काढल्या, फक्त एक पिक्सेल बाजूला सरकल्या. आता प्रत्येक पिक्सेलची चूक 56, एमएसई 3136, पीएसएनआर 13.2. शर्टाला रेघा आहेत हे ज्याने सांगितलं त्यालाच सहा डेसिबलचा दंड!

लहान चित्रातून मोठं करताना ही अडचण रोजची आहे. रेघ नेमकी कुठल्या पिक्सेलवर होती ही माहिती लहान करतानाच गेलेली असते. वर्गाची सरासरी चूक कमीत कमी ठेवायची तर सगळ्यात सुरक्षित उत्तर म्हणजे सगळ्या शक्यतांची सरासरी, आणि रेघांची सरासरी म्हणजे राखाडी पट्टा. तेव्हा पीएसएनआरसाठी शिकवलेलं मॉडेल गवत, केस आणि कापड धुरकट करतं ते त्याचं काम नीट करत असतं म्हणूनच.

आता एसएसआयएम. 2004 च्या मूळ निबंधातली पद्धत 11 बाय 11 च्या खिडकीत सरासरी उजळपणा, कॉन्ट्रास्ट आणि रचनेचा मेळ तपासते, त्यामुळे पीएसएनआरपेक्षा ती शहाणी आहे, हे मान्य. वरचा उजळपणाचा बदल ती जवळपास माफ करते. पण तोच शर्ट तिला दाखवा: सपाट राखाडीला सुमारे 0.07 आणि सरकलेल्या रेघांना उणे 0.93. कारण रचनेचा मेळही जागच्या जागीच मोजला जातो. जिथे मुळात उजळ तिथे आता गडद, म्हणजे सहसंबंध थेट उलटा. डोळा खिडक्या जुळवत बसत नाही, त्याला रेघांचं कापड दिसतं. (शिवाय scikit-image या पायथनच्या लायब्ररीत डिफॉल्ट खिडकी 7 बाय 7 ची आणि सपाट वजनांची असते. दोघांचे एसएसआयएम शेजारी ठेवण्याआधी सेटिंग तरी विचारा.)

तिसरा मुद्दा प्रत्यक्ष मोजून झालेला आहे. 2017 च्या एसआरगॅनच्या निबंधात सेट14 या संचावर चौपट मोठं करताना वर्गाची चूक कमी करायला शिकवलेल्या एसआर-रेसनेट या मॉडेलला पीएसएनआर 28.49 आणि एसएसआयएम 0.8184 मिळाला, पोत खरा वाटावा म्हणून शिकवलेल्या एसआरगॅनला 26.02 आणि 0.7397. मग 26 माणसांना पाचपैकी गुण द्यायला सांगितले. एसआर-रेसनेट 2.98, एसआरगॅन 3.72. दोन्ही आकडे ज्याचे जास्त, तोच हरला. अर्थात एसआरगॅनचा पोत बराचसा कल्पनेने भरलेला असतो. गाडीची नंबरप्लेट वाचायची असेल तर मी तो वापरणार नाही, तिथे धुरकट पण प्रामाणिक चित्र बरं.

चित्र धुरकट झालंय का, हे तपासायचं तर कापडाचा किंवा गवताचा एक तुकडा कापून दोन्ही चित्रांत त्याचं प्रमाण विचलन काढा. आपल्या शर्टात मूळ 28, पुसलेल्यात 0, सरकलेल्यात 28. नॉइजनेही हा आकडा वाढतो, म्हणून शंभर टक्के झूमवर दोन्ही चित्रं एकाच जागी आलटून पालटून बघायचीच. पीएसएनआर मी वापरतो तो एकाच एन्कोडरची, एकाच चित्रावरची दोन बिटरेट ताडायला.

व्हिडिओवाल्यांना हे जुनंच आहे. x264 या व्हिडिओ एन्कोडरमध्ये डोळ्याला बरं दिसावं म्हणून केलेल्या युक्त्या चालू ठेवून पीएसएनआर मागितला, तर तो स्वतःच बजावतो:

```
--psnr used with psy on: results will be invalid!
```