स्पेसवर तोडलं म्हणजे नाव वेगळं झालं असं नाही

"नावांचा कॉलम सिलेक्ट करा, Text to Columns मध्ये Space निवडा. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव आपोआप वेगळं. आधी TRIM लावलं की चूक होतच नाही. नको वाटलं तर परत जोडता येतं."

हा मेसेज माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोहोचला आणि तिने तो सभासदांच्या यादीवर तसाच वापरला. रविवारभर आम्ही दोघं ती यादी निस्तरत होतो, म्हणून लिहितोय.

"आपोआप वेगळं" हीच सगळ्यात घातक थाप. एक्सेलला आडनाव कळत नाही, फक्त स्पेस कळते. तिने A मधल्या नावांपुढे B आणि C रिकामे ठेवले होते, D मध्ये मोबाईल नंबर होते. 'सुनील मोरे'चं 'मोरे' मधल्या नावाच्या B मध्ये बसलं आणि आडनावाचा C रिकामा राहिला. 'एस. आर. के. पाटील'चे चार तुकडे झाले. C मध्ये आलं 'के.' आणि 'पाटील' थेट D मध्ये, मोबाईल नंबरच्या जागी. आधीची माहिती बदलू का, असं एक्सेलने एकदाच विचारलं होतं, तिने OK केलं. हेच नाव 'एस.आर.के. पाटील' असं चिकटवून लिहिलं असतं तर दोनच तुकडे पडले असते. कुठेही एरर दिसत नाही, ही खरी पंचाईत.

TRIM बद्दलचं अर्धं खरं आहे, मान्य. पुढच्या-मागच्या आणि दुहेरी स्पेस ते काढतं. पण वेबपेजवरून कॉपी केलेल्या नावांत बरेचदा १६० क्रमांकाची न तुटणारी स्पेस असते, ती ते काढत नाही. मायक्रोसॉफ्टच्या TRIM च्या पानावरच हे लिहिलंय. त्यांच्याच नावं तोडण्याच्या मदत-पानावर मधलं नाव नसलेल्यांसाठी वेगळी सूत्रं आहेत आणि दोन आद्याक्षरं असलेल्यांसाठी वेगळी. एकच युक्ती पुरली असती तर त्यांनी एवढा खटाटोप केला नसता.

परत जोडायचं म्हणाल, तर Destination बदललं नाही की मूळ कॉलमवरच लिहिलं जातं. फाईल सेव्ह करून बंद केली की Undo पण गेलं.

तोडण्याआधी शेजारच्या कॉलमात स्पेस मोजा:

```
=LEN(TRIM(A2))-LEN(SUBSTITUTE(TRIM(A2)," ",""))
```

उत्तर १ आलं तर मधलं नाव नाही, दुसरा तुकडा थेट आडनावात टाका. २ आलं तर नेहमीचे तीन तुकडे. ० किंवा २ च्या वर असेल तर फिल्टर लावून ती नावं डोळ्यांनी पाहा. २ वाल्यांतही 'पाटील एस. आर.' किंवा दोन शब्दांचं आडनाव लपलेलं असतं. त्यातली आद्याक्षरं शोधायला, तोडून झाल्यावर आडनावाच्या कॉलमला Ends With मध्ये टिंब देऊन फिल्टर करा. दोन शब्दांची आडनावं मात्र एकेक वाचूनच सापडतात.