पापडात मावलेलं दूध

नववीच्या वर्कशीटचा गठ्ठा तपासायला घेतला की मला आधी नावं दिसत नाहीत, दशांश दिसतात. पहिला प्रश्न अगदी साधा: शंकूची त्रिज्या 7 सेंमी, तिरकस उंची 25 सेंमी, घनफळ काढा. पायथागोरसला बोलवायचं, 625 मधून 49 घालवायचे, 576 चं वर्गमूळ काढायचं, लंब उंची 24. मग ⅓πr²h मध्ये सगळं घातलं की उत्तर 1232 घन सेंमी. आणि वर्गातल्या बऱ्याच जणांचं उत्तर 1283.33.

या शेवटच्या दोन तिऱ्यांनी माझे रविवार खाल्लेत. 24 ला 3 ने भाग जातो, 25 ला जात नाही. त्यामुळे h च्या खुर्चीत l येऊन बसला की शेपूट बाहेर राहतंच. पण त्रिज्या 9 आणि तिरकस उंची 15 दिली, तर त्रिज्येच्या वर्गालाच 3 ने भाग जातो आणि चुकीचं उत्तरही बरोबर उत्तराइतकंच साळसूद चेहरा करून बसतं. मग पोहे गार होईपर्यंत एकेक ओळ वाचायची.

मुलांना खटकत कसं नाही? कारण 24 च्या जागी 25 घेतल्याने उत्तर जेमतेम चार टक्क्यांनी फुगतं. म्हणून दुसऱ्या प्रश्नात मी मुद्दाम बसका शंकू घातला: त्रिज्या 12, तिरकस उंची 13, म्हणजे लंब उंची फक्त 5. इथे 13 घेतलं की उत्तर अडीचपटीच्याही पुढे. तरी कोणी हललं नाही. "मोठा शंकू असेल बाई," एवढंच.

खरं तर दोष पूर्णपणे त्यांचाही नाही. आम्ही वर्गात कागदाचे शंकू केले होते. कंपासमध्ये कुठे 25 मावणार, म्हणून दोरा बांधून 25 सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढलं, त्यातून साधारण 101 अंशांची पाकळी कापली आणि गुंडाळून चिकटवली. शंकू तयार. आता यात 25 कुठे आहे ते बोटाने दाखवता येतं, पट्टी टेकवता येते. 24 मात्र टोकापासून तळाच्या मध्यापर्यंत पोकळीत लटकतंय. जे हाताला लागतं ते मूल लिहितं.

मग वाळूचा प्रयोग. सारख्या तळाच्या आणि सारख्या उंचीच्या नळकांड्यात तीन शंकू वाळू बरोबर मावते. एका गटाने नळकांडं केलं 25 सेंमी उंचीचं. तीन शंकू ओतले, वर एक सेंटिमीटर रिकामं. माझा आनंद गगनात मावेना; आता यांना कळणार! गटप्रमुखाने आत वाकून पाहिलं, मग शेजाऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, यानं वाळू सांडली."

शेवटी मी पापड काढला. "अरे, शंकूला वरून दाबत दाबत पार सपाट केलं तर?"

"पापड होईल."

"लंब उंची किती?"

"शून्य."

"आणि तिरकस उंची?"

इथे जरा शांतता. टोक मध्यावर येऊन बसलं, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर, म्हणजे त्रिज्याच. 7. "आता तुमच्या पद्धतीने याचं घनफळ काढा." काढलं. 359.33 घन सेंमी. म्हणजे या पापडात पाव लिटरहून जास्त दूध मावतं. पहिल्या बाकावर हशा झाला, मागे कोणीतरी वहीत खाडाखोड केली. मला वाटलं, जिंकले.

पण औषध जरा जास्तच लागू पडलं. पुढच्या वर्कशीटमध्ये πrl मध्येही l हाकलून h बसवला आणि वक्रपृष्ठफळ 550 ऐवजी 528 आलं. मग तोच पापड उलटा वाढला: h शून्य, म्हणजे तुमच्या हिशेबाने पापडाला पृष्ठफळच नाही. आत काय मावतं ते विचारलं तर सरळ उंची, वर किती कागद लागतो ते विचारलं तर तिरकस. हे एकदाचं उतरलं.

त्या भरात शेवटचा प्रश्न घातला: याच शंकूवर अर्धगोल बसवलाय, एकूण पृष्ठफळ काढा. शंकूचे 550, अर्धगोलाचे 2πr² म्हणजे 308, बेरीज 858 चौ. सेंमी. मधला तळ झाकला गेला, तो मोजायचा नाही. गोलाच्या सूत्रात उंचीच नाही, नुसती त्रिज्या. म्हणून निर्धास्त होते.

एका पठ्ठ्याने अर्धगोलाचीही तिरकस उंची काढली. त्रिज्या 7, उंचीही 7, 49 अधिक 49, वर्गमूळ 9.9. पायऱ्या सगळ्या नीट, एकक जागच्या जागी, खाली दोन रेघा. त्याला पायथागोरसचा अर्धा गुण द्यावा की नाही, यावर स्टाफरूममध्ये दोन तट पडलेत.