तुमच्या रिव्ह्यूमधल्या त्या पाच मिनिटांबद्दल

★☆☆☆☆ "फुकटच्या वायफायवर सुरक्षित राहावं म्हणून या व्हीपीएनची वर्षाची वर्गणी भरली. विमानतळावर वायफायच्या पानावर ईमेल आणि पासवर्ड टाकून (दोनदा टाकावा लागला) नेट सुरू केलं, बँकेचंही काम केलं. किल्लीचं चिन्ह पूर्ण वेळ दिसत होतं. तरी ईमेलमध्ये कुणीतरी शिरलंच. स्क्रीनशॉट जोडलेत. शुद्ध फसवणूक. पैसे परत करा."

नमस्कार. तुम्हाला झालेला मनस्ताप खरा आहे, आणि त्यात आमची एक चूक आहे. तिच्याबद्दल माफी मागतो, ती कोणती तेही खाली सांगतो. पण "फसवणूक" हा शब्द फार लागला. लोक हे वाचून आमच्याकडे यायचं की नाही ते ठरवतात, म्हणून तुम्हीच जोडलेल्या स्क्रीनशॉटमधल्या वेळा इथे उतरवतो. ही नोंद तुमच्या फोनमधल्या ॲपची आहे. कोण कधी जोडलं गेलं हे आमच्या सर्व्हरवर आम्ही लिहूनच ठेवत नाही.

```
18:36:12  wifi joined
18:36:13  handshake sent
18:36:18  no reply, retrying
18:36:23  no reply, retrying
...
18:41:07  handshake ok, tunnel up
```

तुमच्या दुसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये ईमेलवाल्यांचा "नव्या उपकरणावरून लॉगिन" हा इशारा आहे, आणि त्यावरची वेळ १८:३९ आहे. म्हणजे परका माणूस आत शिरल्यावर दोन मिनिटांनी आमचा बोगदा, म्हणजे तुमचा फोन आणि आमचा सर्व्हर यांच्यातला झाकलेला रस्ता, सुरू झाला. त्याआधी ॲप दर ५ सेकंदांनी आमच्या सर्व्हरला हाक मारत होतं आणि उत्तर येत नव्हतं. येणारही नव्हतं, कारण लॉगिनचं पान असलेलं वायफाय ते पान ओलांडेपर्यंत बाहेरचा कुठलाच रस्ता उघडत नाही. ही अडचण फक्त आमची नाही. कुठल्याही कंपनीचा व्हीपीएन त्या पानाआधी जोडला जाऊ शकत नाही.

ते पान फोनवर येतं कसं, हेही पाहण्यासारखं आहे. वायफायला जोडल्याबरोबर अँड्रॉइड फोन http://connectivitycheck.gstatic.com/generate_204 हा पत्ता मागतो आणि २०४ क्रमांकाचं कोरं उत्तर अपेक्षित धरतो. वायफायवाला मध्येच ते अडवून आपलं पान पुढे करतो, त्यावरून फोन ओळखतो की इथे लॉगिन लागेल. हा पत्ता मुद्दाम साध्या http चा ठेवला आहे, म्हणजे वायफायवाल्याला तो अडवता यावा. पुढे फोन ते पान व्हीपीएनला वळसा घालून थेट वायफायवरून उघडतो, नाहीतर ते कधीच उघडलं नसतं. थोडक्यात, त्या पानावर जे टाईप कराल ते वायफाय चालवणाऱ्याच्या हातात पडतं. आणि वायफायचं नाव कुणालाही ठेवता येतं. विमानतळाचंच नाव देऊन बॅगेतला छोटा राउटर चालू केला, तर फोनच्या यादीत त्यात नि खऱ्यात काही फरक दिसत नाही.

तुम्ही लिहिलंय की पासवर्ड दोनदा टाकावा लागला. राग मानू नका, पण मला खटकलं ते तिथेच. नकली पान चालवणाऱ्याची ही युक्ती असते: पहिल्या वेळी "चुकीचा पासवर्ड" म्हणायचं, म्हणजे माणूस सावकाश, नीट टाईप करतो. दरम्यान आलेला पासवर्ड खऱ्या ईमेलवर वापरून बघायचा. मग नेट सुरू करून द्यायचं, म्हणजे संशय येत नाही. खऱ्या पानाला तुमच्या ईमेलच्या पासवर्डशी काहीही कर्तव्य नसतं. ते मोबाईल नंबर आणि ओटीपी मागेल, फार तर ईमेलचा पत्ता मागेल, किंवा नुसतं अटी मान्य करायला लावेल. कुठे "ईमेलने लॉगिन" असं बटण असलंच, तर वरच्या पत्त्यात तुमच्या ईमेल कंपनीचं डोमेन अक्षर न् अक्षर जुळतं का ते बघावं लागतं. कुलूप दिसतंय एवढ्यावर जाऊ नका, स्वतःच्या डोमेनसाठी प्रमाणपत्र भामट्यालाही मिळतं. पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर तो डोमेन जुळल्याशिवाय पासवर्ड आपणहून भरत नाही. तो गप्प बसला, तर तुम्हीही हाताने भरू नका.

आता आमची चूक. अँड्रॉइडमध्ये किल्लीचं चिन्ह ॲपने बोगद्याची फोनकडची बाजू उभी केली की लगेच दिसतं. पलीकडून सर्व्हरचं उत्तर आलंय की नाही, याच्याशी त्या चिन्हाचा संबंध नसतो. ते चिन्ह फोनचं आहे, आमच्या हातात नाही. पण ॲपच्या आत "चालू" हा हिरवा शब्द आम्हीच लिहिला होता, आणि तो १८:३६ पासून तुम्हाला दिसत होता. हे चुकलं. उत्तर येईपर्यंत तिथे "जोडत आहे" दिसायला हवं होतं. येत्या अपडेटमध्ये ते बदलतोय, सोबत वायफायच्या पानाबद्दल काहीतरी इशाराही देऊ.

तरीही एक सांगतो, आणि धंद्याच्या दृष्टीने हे सांगणं मला परवडणारं नाही. बोगदा १८:३६ ला लागला असता आणि तुम्ही एखाद्या नकली साईटवर तोच पासवर्ड टाकला असता, तरी तो गेलाच असता. बोगदा तुमच्या फोनपासून आमच्या सर्व्हरपर्यंत. पलीकडे जे पान आहे ते खरं की खोटं, हे व्हीपीएन तपासत नाही.

१८:४१ नंतर मात्र त्याने आपलं काम केलं. तुम्ही कुठल्या साईट उघडता, कुठली नावं शोधता, हे वायफायवाल्याला दिसेनासं झालं; त्याला दिसलं ते एवढंच की तुम्ही आमच्या सर्व्हरशी बोलताय. साध्या http वरचा मजकूरही त्याच्यापासून झाकला गेला. बँकेचं काम तुम्ही नेट सुरू झाल्यावर केलंत; बँकेच्या ॲपचं बोलणं मुळात ॲप ते बँक असं कुलूपबंद असतं, व्हीपीएन असो वा नसो. तेव्हा त्याची धास्ती नको. फक्त बँकेचा पासवर्ड आणि ईमेलचा पासवर्ड एकच असेल, तर तो आजच बदला.

ईमेलचा पासवर्ड बदललाच असेल, पण तेवढ्याने भागेल असं धरू नका. आत शिरलेल्याचं लॉगिन आधीच झालेलं आहे, म्हणून सेटिंगमधून सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. मग फॉरवर्डिंग आणि फिल्टर उघडून बघा, तिथे अनोळखी पत्ता टाकून ठेवलेला असला तर पासवर्ड बदलल्यावरही तुमची पत्रं त्याला जात राहतात. रिकव्हरीचा नंबर आणि पत्ता तुमचाच आहे ना, तेही पाहा. जमलं तर पासकी लावा, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या कुलपानेच लॉगिन होतं. ओटीपी नकली पानावर टाकला तर तो लगेच पुढे वापरता येतो. पासकी ठरलेल्या डोमेनशिवाय चालतच नाही, त्यामुळे नकली पानाला देण्यासारखं तुमच्या हाती काही उरत नाही. आणि त्या वायफायचं नाव फोनमधून "विसरा" करा, नाहीतर पुढच्या खेपेला फोन न विचारता जोडला जाईल.

पैसे परत करतोय, ज्या मार्गाने भरलेत त्याच मार्गाने येतील. त्या बदल्यात तारे वाढवा असं म्हणणार नाही. पण १८:३९ आणि १८:४१ या दोन वेळा तुमच्याच स्क्रीनशॉटमध्ये शेजारी शेजारी आहेत, त्या बघून "फसवणूक" एवढा एक शब्द काढता आला तर बघा.