या, बसा, मागचं सगळं वाचा

एखाद्या माणसाविषयी मोकळेपणाने बोलायचं असेल, तर त्यासाठी सर्वांत उत्तम जागा म्हणजे ज्या ग्रुपमध्ये उद्या त्याच माणसाला घ्यायचं आहे तो ग्रुप. वेगळा ग्रुप काढण्याची दगदग कशाला? एक नाव वाचतं आणि संदर्भ एका ठिकाणी राहतो. शिवाय नव्या माणसाला पहिल्याच दिवशी आपण कोणत्या माणसांत येऊन पडलो ते नीट कळतं, हे वेगळंच.

हे जमण्यासाठी एक पथ्य पाळावं लागतं. कुठल्याही ॲपमध्ये मेसेज नेमका राहतो कुठे, हे कधी विचारायचं नाही. सगळीकडे खाली लिहायची पट्टी, वर बोलणं, कोपऱ्यात माणसांची गोल चित्रं. दिसायला सारखं, म्हणजे वागायलाही सारखंच असणार. तुम्ही गेली कित्येक वर्षं व्हॉट्सॲपवर घालवली आहेत. नवा माणूस आला की त्याला मागचं काही दिसत नाही, हे तुमच्या बोटांना पाठ आहे. हीच पाठ झालेली बोटं घेऊन स्लॅक या ऑफिसच्या चॅट ॲपमध्ये शिरा.

व्हॉट्सॲपवर मागचं का दिसत नाही, याचं कारण मी सांगतो, पण ते लगेच विसरून जा. तिथे ग्रुपचं बोलणं असं एका जागी साठवलेलं नसतं. प्रत्येकाच्या फोनमध्ये आपापली प्रत असते आणि पोचलेला मेसेज सर्व्हरवर ठेवला जात नाही. प्रत्येक सभासद त्या ग्रुपपुरती आपली एक किल्ली बाकीच्यांना देतो, आणि ती किल्ली दर मेसेजागणिक एकेक पाऊल पुढे सरकते. नव्याला ती मिळते आजच्या जागेवरची. ती उलटी फिरत नाही. म्हणजे कालचा मजकूर त्याच्या हातात पडला असता तरी तो त्याला उघडता आला नसता. सिग्नलचंही तसंच. अलीकडे व्हॉट्सॲपवर नव्या माणसाला मागचे थोडे मेसेज देण्याची सोय आली आहे, पण ते कोणीतरी ठरवून द्यावे लागतात. आपोआप काही सांडत नाही.

स्लॅकमध्ये उलटं आहे. तिथे ग्रुपला चॅनेल म्हणतात, बोलणं त्या चॅनेलच्या मालकीचं असतं आणि सर्व्हरवर राहतं. माणसं येतात-जातात, चॅनेल असतो तिथेच असतो. प्रायव्हेट चॅनेलवरच्या कुलपाच्या चित्राचा अर्थ इतकाच, की आमंत्रणाशिवाय आत येता येत नाही. आत आल्यावर किती मागे जाता येईल, याच्याशी त्या कुलपाचा काही संबंध नाही. प्रायव्हेट चॅनेलमध्ये आज घेतलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासूनचं सगळं वाचता येतं, जोडलेल्या फायलींसकट. पण तुम्ही कुलूप पाहिलंत, आणि कुलूप म्हणजे गुपित, हा तुमचा हिशेब पक्का आहे. तो बदलू नका.

आता हा सल्ला कसा अमलात आणायचा, ते एका कल्पित ऑफिसात पाहू. एका जागेसाठी माणूस घ्यायचा आहे. निवड करणारे पाच जण `#new-post` नावाचा प्रायव्हेट चॅनेल उघडतात. सोमवारी पहिली मुलाखत होते. एक जण लिहितो, "उत्तरं चांगली दिली, पण बाई फार बोलतात." दुसरा लिहितो, "एवढ्या पगारावर घेतलं तर आधीपासूनच्या लोकांना काय तोंड दाखवायचं?" बुधवारी तिसरी एक तक्ता टाकते. त्यात आलेल्या सगळ्या उमेदवारांची नावं, सध्याचा पगार आणि मागितलेला पगार. शुक्रवारी साहेब निकाल देतात, "पहिली पसंती दुसऱ्या उमेदवाराला. त्याने नाही म्हटलं तरच यांना विचारा." त्यावर तीन अंगठे.

दुसरा उमेदवार नाही म्हणतो. बाई रुजू होतात.

पहिल्या दिवशी सकाळी साहेबांना वाटतं, कामाची पार्श्वभूमी कळायला हवी. ते बाईंना त्याच चॅनेलमध्ये घेतात. नव्या माणसाला मागचं दिसेल, असं ॲप त्यांना त्याच वेळी सांगतं. ही सूचना कर्जाच्या कागदावरच्या बारीक अक्षरांइतकीच काळजीपूर्वक वाचून साहेब बटण दाबतात.

बाई काही हेर नाहीत. पण नव्या जागी आलेला माणूस शोधाच्या चौकटीत आधी काय टाइप करतो? स्वतःचं नाव. तुम्हीही तेच केलं असतं. दहा मिनिटांत सोमवार, बुधवार आणि शुक्रवार वाचून होतात. दुपारच्या बैठकीत साहेब म्हणतात, "काही शंका असेल तर विचारा." बाई हसून म्हणतात, "नको, मी फार बोलते."

इथवर प्रकरण गमतीचं आहे, आणि बाईंनी ते मोठ्या मनाने घेतलंही असेल. तुमची खरी कामगिरी बुधवारच्या तक्त्यात आहे. ज्यांना नोकरी मिळाली नाही, त्या सगळ्यांचे पगार आता अशा एका व्यक्तीकडे आहेत जिला ते कळण्याचं काहीच कारण नव्हतं. आणि त्या उमेदवारांना हे कधी कळणारही नाही, कारण ते त्या चॅनेलमध्ये नाहीत. गुपित फुटल्याचा त्रास नेहमी खोलीतल्यांनाच होतो असं नाही. खोलीत नसलेला माणूस तक्रारही करत नाही, ही केवढी सोय.

लक्षात आलंच, तर घाईघाईने मेसेज पुसायला घ्या. बैल गेला अन् झोपा केला, हे या बाबतीत फार शोभून दिसतं. ऑफिसने मुभा ठेवली असेल तर साध्या सभासदाला फक्त स्वतःचा मेसेज पुसता येतो, म्हणून पाचही जणांना एकाच दुपारी कामाला लावावं लागेल. त्यातही ज्या मेसेजखाली उत्तरांची माळ लागली आहे, तो पुसला तरी त्या जागी `This message was deleted.` एवढं उरतं आणि खालची "अगदी बरोबर", "मलाही तेच वाटलं" ही उत्तरं जशीच्या तशी. वाक्यापेक्षा त्या मोकळ्या जागेकडेच लक्ष जास्त जातं.

तुम्ही म्हणाल, आम्ही असं काही चॅनेलमध्ये लिहीतच नाही, तिघांच्या खासगी चॅटमध्ये लिहितो. फार छान. मग ती चॅट वाढू लागली की तिचं प्रायव्हेट चॅनेलमध्ये रूपांतर करा. स्लॅक तशी सोय देतं आणि जुनं बोलणंही सोबत नेतं. त्यानंतर चौथ्याला बोलवा. तिघांनी तिघांपुरतं म्हणून जे लिहिलं, ते चौथ्याला घरबसल्या मिळेल.

मायक्रोसॉफ्टचं टीम्स मात्र जरा आगाऊ आहे. दोघांच्या चॅटमध्ये तिसरा घेतला की ते सरळ नवी कोरी चॅट उघडतं. ग्रुप चॅटमध्ये कोणाला घेताना तर चक्क विचारतं: मागचं काहीच द्यायचं नाही, अमुक दिवसांचं द्यायचं, की सगळं? असल्या प्रश्नांना एकच उत्तर, सगळं. दिवस मोजायचे म्हणजे आपण कोणत्या दिवशी काय बोललो ते आठवावं लागेल, आणि ते आठवत असतं तर हा लेख वाचायची वेळ आली नसती. एक बारकावा तेवढा मनात ठेवा. तिथे मोजणी दिवसांची होते, विषयाची नाही. सात दिवसांचं दिलं आणि नेमकं सहा दिवसांपूर्वी त्याच्याविषयीच बोलणं झालं असेल, तर ॲपने आपलं काम चोख केलं असं समजायचं. चॅटऐवजी टीमच्या नेहमीच्या चॅनेलमध्ये घेतलंत तर हा प्रश्नही येत नाही. तिथे येणाऱ्याला सगळंच मोकळं.

टेलिग्रामसाठी माझा खास सल्ला आहे. तिथे ग्रुपच्या सेटिंगमध्ये `Chat history for new members` असा पर्याय असतो. त्यात `Hidden` निवडलेलं दिसलं की निर्धास्त व्हा आणि त्याखालची ओळ वाचू नका. कारण साध्या लहान ग्रुपमध्ये लपवलेलं याचा अर्थ असा, की नव्याला मागचे 100 पेक्षा जास्त मेसेज दिसणार नाहीत. शंभरपर्यंत दिसू शकतात. पाच माणसांच्या ग्रुपमध्ये शंभर मेसेज म्हणजे आठवडाभराचं मन मोकळं करणं आलं. आणि ग्रुप पब्लिक असेल, तर सभासद होण्याचेही कष्ट नाहीत, बाहेरूनच वाचता येतं.

यावर जुने व्हॉट्सॲपवाले छाती पुढे काढतील: आमच्याकडे हे होणे नाही. त्यांनीही हिरमुसायचं कारण नाही, थोडी मेहनत घेतली तर तिथेही जमतं. समजा, बाईंना ग्रुपमध्ये घेतलं. मागचं त्यांना काही दिसत नाही. आता कोणीतरी तीन आठवड्यांपूर्वीच्या "बाई फार बोलतात" या मेसेजवर बोट दाबून रिप्लाय करावा, "या तक्त्यात एक दुरुस्ती आहे." चुकीच्या मेसेजला रिप्लाय जाणं ही तर नित्याची बाब. रिप्लायबरोबर मूळ वाक्याची चौकट नव्या मेसेजचा भाग म्हणून जाते. किल्ली पुढे सरकलेली असली तरी मजकूर आता नव्या मेसेजात बसून आला आहे. बाईंनी त्या चौकटीवर टिचकी मारली तर त्या मागे कुठे पोचणार नाहीत, पण पोचायची गरज तरी कुठे उरली?

काही घाबरट लोक असतात. ते निवडीचं बोलणं ज्या चॅनेलमध्ये करतात, त्यात निवड करणाऱ्यांशिवाय कोणालाच कधी घेत नाहीत. माणूस रुजू झाला की कामासाठी दुसरा चॅनेल उघडतात आणि कामापुरती चार वाक्यांची पार्श्वभूमी तिथे नव्याने लिहितात. पगाराचा तक्ता चॅटमध्ये टाकतच नाहीत. फाईल वेगळीकडे ठेवून मोजक्या नावांना ती उघडता येईल असं करतात. कोणालाही आत घेण्याआधी चॅनेल वरपर्यंत सरकवून, हे सगळं त्या माणसासमोर मोठ्याने वाचता येईल का, असं स्वतःला विचारतात. या सगळ्याला पंधरा मिनिटं लागतात. एवढा वेळ असलेल्या माणसांकडे मी संशयानेच पाहतो.

आपल्या कल्पित ऑफिसात आता पुढची जागा भरायची आहे. या वेळी निवड करणाऱ्यांत बाईही आहेत. साहेबांनी चॅनेल तोच ठेवला आहे, मागचा संदर्भ हाताशी असलेला बरा म्हणून. सोमवारी पहिली मुलाखत झाली आणि साहेबांनी सगळ्यांना विचारलं, "कसं वाटलं?" चौघांनी लांबलचक लिहिलं. बाईंनी लिहिलं, "समक्ष सांगते."