प्राध्यापकांना लिहायच्या ईमेलमधली ती चार वाक्ये

जर्मनीत पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यांपुढे साधारणपणे दोन वाटा असतात. एक म्हणजे एखाद्या प्रकल्पात जाहिरात निघालेल्या जागेसाठी अर्ज करणे, आणि दुसरी म्हणजे स्वतःची शिष्यवृत्ती मिळवून एखाद्या प्राध्यापकांकडे संशोधन करणे. दुसऱ्या वाटेवर, उदाहरणार्थ डाड या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या संशोधन शिष्यवृत्तीसाठी, प्राध्यापक मार्गदर्शन करायला तयार असल्याचे पत्र अर्जासोबत द्यावे लागते. ते पत्र देण्याआधी त्या अनोळखी प्राध्यापकांनी वाचलेले आपले पहिले लिखाण बहुधा एक ईमेल असते, आणि त्यातली तीन-चार वाक्ये नीट जमली नसतील तर सोबत जोडलेला बायोडेटा उघडलाच जात नाही, असे माझे ठाम मत आहे.

भूजलशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या एका विद्यार्थिनीने मला तिचा मसुदा दाखवला. त्यात लिहिले होते, ‘आपले कठीण खडकांतील भूजलावरचे संशोधन मला अत्यंत प्रेरणादायी वाटते आणि माझी आवडही याच विषयात आहे.’ हे वाक्य खोटे नव्हते, पण कठीण खडकांवर काम करणाऱ्या जगातल्या कोणत्याही प्राध्यापकांना ते जसेच्या तसे पाठवता आले असते. विषय एक असणे आणि प्रश्न एक असणे यांत मोठे अंतर आहे, आणि प्राध्यापक शोधत असतात ते प्रश्नाचे नाते.

म्हणून आम्ही त्या प्राध्यापकांचा निबंध पुन्हा वाचला, विशेषतः त्याचा शेवटचा भाग, जिथे लेखक आपल्या पद्धतीच्या मर्यादा नोंदवतात. ग्रॅनाइटच्या प्रदेशात पावसाळ्यात विहिरींची पातळी किती चढली हे मोजून त्यांनी पुनर्भरणाचा, म्हणजे पावसाचे किती पाणी मुरून भूजलात पोहोचले याचा, अंदाज काढला होता. या पद्धतीत पातळीतील वाढीला स्पेसिफिक यील्डने गुणतात. स्पेसिफिक यील्ड म्हणजे भरलेल्या खडकातून आपोआप निथळून येऊ शकणाऱ्या पाण्याचे प्रमाण. निबंधात त्यासाठी सर्व खोलीला एकच आकडा धरला होता आणि तो आकडा अनिश्चित असल्याचे लेखकांनी स्वतःच म्हटले होते.

ही अनिश्चितता दख्खनच्या बेसॉल्टमध्ये फार महाग पडते. आपल्याकडे भूजलाचा अंदाज करताना झिजलेल्या बेसॉल्टसाठी हे प्रमाण 1 ते 3 टक्के धरले जाते. विहिरीची पातळी 6 मीटर चढली, तर 1 टक्का धरून पुनर्भरण 60 मिलिमीटर येते आणि 3 टक्के धरून 180 मिलिमीटर. म्हणजे विहीर तीच आणि पाऊसही तोच, तरी उत्तर तिप्पट होऊ शकते. योगायोगाने हिच्या प्रबंधाचे कामच त्याला भिडणारे होते. तिने पुरंदर तालुक्यातल्या विहिरींवर उपसा-चाचण्या घेतल्या होत्या, आणि मुरमाचा थर व त्याखालचा कातळ यांतून पाणी वेगवेगळ्या गतीने कसे परत येते हे नोंदवले होते. मसुद्यात मात्र या कामाचा उल्लेख ‘क्षेत्रकार्याचा अनुभव’ एवढ्या दोन शब्दांत उरकला होता.

नवी वाक्ये इंग्रजीत लिहिली, त्यांचा आशय असा: ‘आपल्या निबंधात संपूर्ण खोलीसाठी एकच स्पेसिफिक यील्ड धरल्याने पुनर्भरणाचा अंदाज अनिश्चित राहतो, असे आपण नोंदवले आहे. मी एम.एस्सी.च्या प्रबंधात पुण्याजवळच्या बेसॉल्टमधील मोठ्या व्यासाच्या विहिरींवर उपसा-चाचण्या केल्या, आणि पातळी मुरमाखाली गेल्यावर पाणी परत येण्याचा वेग स्पष्टपणे घटलेला मला दिसला. खोलीनुसार बदलणारे स्पेसिफिक यील्ड अशा चाचण्यांतून काढून ते आपल्या पद्धतीत वापरल्यास अंदाज किती बदलतो, हे मला पीएच.डी.त तपासायचे आहे. प्रतिमान बांधण्याचे प्रशिक्षण मला नाही, आणि तेच मला आपल्या गटात शिकायचे आहे.’

यांतले शेवटचे वाक्य काढून टाकावे, असे तिला अनेकांनी सुचवले. मी ते ठेवायला सांगितले, कारण आपण काय घेऊन येतो याबरोबरच त्या गटाकडेच का येतो, हे त्याच वाक्यातून कळते. तिसऱ्या वाक्यावर मात्र आम्ही बराच वेळ घालवला. तिने आधी ‘मी ही समस्या सोडवेन’ असे लिहिले होते. मोठ्या व्यासाच्या विहिरीत सुरुवातीला उपसले जाणारे पाणी मुख्यतः विहिरीतच साठलेले असते, त्यामुळे अशा चाचणीतून स्पेसिफिक यील्ड काढणे अवघड असते, आणि या क्षेत्रातल्या माणसाला हे लगेच आठवते. तिथे ‘तपासायचे आहे’ हेच प्रामाणिक क्रियापद आहे.

एवढे करूनही उत्तर न येण्याची कारणे असतात. प्राध्यापक निवृत्तीच्या जवळ असतील, गटात जागा नसेल किंवा त्यांनी तो विषयच सोडला असेल. म्हणून त्यांचे गेल्या दोन-तीन वर्षांतले निबंध आधी पाहावेत, कारण दहा वर्षांपूर्वीच्या निबंधाशी जुळवलेले नाते बहुधा शिळे झालेले असते. आणि आपण कोणत्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणार आहोत व तिची मुदत कधी आहे, हे या चार वाक्यांच्या लगेच खाली एका ओळीत लिहावे, म्हणजे त्यांना पत्र केव्हापर्यंत द्यावे लागेल हे विचारण्यासाठी वेगळा ईमेल करावा लागत नाही.