प्लस पिनवरचा तो रेझिस्टर

"इन्व्हर्टिंग अ‍ॅम्प्लिफायरची प्लस पिन कधीही थेट ग्राउंडला जोडू नका. मध्ये R1 आणि Rf यांच्या समांतर किमतीचा रेझिस्टर टाका, आउटपुटचा ऑफसेट शून्य होतो. ऑप-अँप कुठलाही असो."

हा सल्ला नेहमी ऐकायला मिळतो. ऑफसेट म्हणजे इनपुट शून्य असतानाही आउटपुटवर दिसणारा डीसी व्होल्टेज. आधी तो 'शून्य होतो' हे तपासू. ७४१ हा ऑप-अँप घेऊ, इनपुटचा R1 १० किलोओहम आणि फीडबॅकचा Rf १०० किलोओहम. या आयसीची प्रत्येक इनपुट पिन साधारण ८० नॅनोअँपिअर बायस करंट आत ओढते. इनपुट ग्राउंडला जोडलं की R1 ची दोन्ही टोकं शून्य व्होल्टवर असतात, त्यामुळे मायनस पिनला लागणारा सगळा करंट Rf मधूनच यावा लागतो. म्हणून आउटपुट ८ मिलिव्होल्ट वर जातं. आता प्लस पिनवर ९.१ किलोओहम टाका. ती पिन ग्राउंडच्या ०.७३ मिलिव्होल्ट खाली जाते, हा फरक १ + Rf/R1, म्हणजे ११ पट होतो आणि आउटपुट तितकंच खाली येतं. हिशोब जुळला, पण दोन्ही पिनांचे करंट अगदी सारखे असतील तरच. ७४१ मध्ये त्यांच्यात साधारण २० नॅनोअँपिअरचा फरक असतो. म्हणजे २ मिलिव्होल्ट उरतातच.

आणि हे सगळं आयसीचा स्वतःचा इनपुट ऑफसेट व्होल्टेज विसरून. तो साध्या ७४१ मध्ये २ मिलिव्होल्टच्या आसपास असतो, आउटपुटला २२. रेझिस्टरने वाचवले ६ मिलिव्होल्ट, त्याला हातही न लावता येणारे आहेत २२. कधी तर उलटंच होतं. समजा हातातल्या आयसीचा ऑफसेट उणे १ मिलिव्होल्ट आहे, म्हणजे आउटपुटला उणे ११. रेझिस्टर नसताना बायस करंटचे ८ त्यात मिळून मीटर उणे ३ दाखवेल. रेझिस्टर टाकल्यावर त्या ८ मधले २ उरतील आणि मीटर उणे ९ दाखवेल. मग माणूस सोल्डरिंगवर संशय घेत बसतो. सर्किट बरोबर आहे. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या, त्यातली एक तुम्ही काढलीत.

तेच R1 १०० किलोओहम आणि Rf १ मेगाओहम करा. ऑफसेट व्होल्टेजचे २२ मिलिव्होल्ट तसेच राहतात, बायस करंटचे मात्र ८० होतात आणि रेझिस्टर ते २० वर आणतो. इथे त्याने जागा कमावली.

'कुठलाही ऑप-अँप' हे तर अजिबात पटत नाही. टीएल०७२ च्या इनपुटला जेफेट आहेत, बायस करंट साधारण ६५ पिकोअँपिअर. १०० किलोओहममधून त्याचे होतात ६.५ मायक्रोव्होल्ट. तापमान दर १० अंशांनी वाढलं की हा करंट साधारण दुप्पट होतो, तरी ८५ अंशांवरसुद्धा अर्ध्या मिलिव्होल्टच्या आतच राहतो. त्याच आयसीचा ऑफसेट व्होल्टेज आउटपुटला सहज ३० मिलिव्होल्ट देतो. इथे प्लस पिन सरळ ग्राउंडला जोडा. ओपी०७ सारख्या आयसीत बायस करंट आतच रद्द केलेला असतो. उरलेले दोन करंट एकमेकांच्या उलट दिशेचेही असू शकतात, तेव्हा रेझिस्टर चूक कमी करण्याऐवजी वाढवतो.

सगळ्यात जास्त फसवतो तो 'समांतर किमतीचा' हा भाग. R1 च्या आधी कपलिंग कपॅसिटर असेल तर डीसीच्या दृष्टीने R1 तिथे नाहीच. मायनस पिनला डीसी वाट फक्त Rf ची, म्हणून प्लस पिनवर Rf एवढाच, १०० किलोओहमचा रेझिस्टर हवा. सवयीने ९.१ टाकलात तर ८ पैकी ७.३ मिलिव्होल्ट तसेच राहतील. गंमत म्हणजे या सर्किटचा डीसी गेन १ असल्याने ऑफसेट व्होल्टेजचे फक्त २ मिलिव्होल्ट येतात, म्हणजे बायस करंटच मोठा असतो आणि नेमकी इथेच किंमत चुकते. कपॅसिटर नसेल, तर सिग्नल देणाऱ्या सर्किटचा रेझिस्टन्स R1 मध्ये मिळवून मगच समांतर काढा.

या रेझिस्टरची किंमतही मोजावी लागते. ९.१ किलोओहमचा थर्मल नॉइज R1 आणि Rf यांच्या जोडीच्या नॉइजइतकाच असतो, आणि तोही ११ पट होऊन बाहेर येतो. एनई५५३२ सारख्या शांत आयसीत एकूण नॉइज जवळपास ३ डीबीने वाढतो. टाकायचाच असेल तर त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. साधारण १७५ हर्ट्झच्या वर तो रेझिस्टरचा नॉइज ग्राउंडकडे वळवतो, डीसीला मात्र रेझिस्टर दिसत राहतो.

तुमच्या बोर्डवर त्याचा उपयोग आहे का, हे मिनिटात कळतं. इनपुट ग्राउंड करा, आउटपुटचा डीसी वाचा, मग वायरच्या तुकड्याने हा रेझिस्टर शॉर्ट करून पुन्हा वाचा. दोन वाचनांतला फरक म्हणजे रेझिस्टर करत असलेली दुरुस्ती. वरच्या ७४१ मध्ये तो ६ मिलिव्होल्टच्या आसपास येईल, टीएल०७२ मध्ये साध्या मीटरवर आकडा हलणारही नाही.