जोरात दाब

काल दुपारपासून डोकं फिरलंय आणि कारण इतकं फालतू आहे की घरी सांगितलं तर कोणी ऐकून पण घेणार नाही. एक एक्सेल फाइल आली, 2 ते 212 ओळी, A कॉलममध्ये कक्षाचं नाव. पण नाव फक्त त्या कक्षाच्या पहिल्या माणसासमोर, खाली सगळं रिकामं. A2 मध्ये "कक्ष 7", मग थेट A34 ला "कक्ष 9", असे एकूण सहा कक्ष. रिकाम्या जागा मी भरायच्या.

मी आपलं कोपऱ्यातला तो छोटा चौकोन धरून खाली ओढला, तर एक्सेलला वाटलं बाईला पुढचे आकडे हवेत. शेवटी आकडा दिसला की तो वाढवत जायची त्याला सवयच आहे, A33 ला पोचेपर्यंत "कक्ष 38" झाला होता. आमच्याकडे बारापर्यंतच आहेत.

तेवढ्यात खुर्चीमागे श्वास ऐकू आला. आमचे एक सिनियर आहेत, स्वतःची स्क्रीन सोडून बाकी सगळ्यांच्या स्क्रीन त्यांना पाठ आहेत.

"अगं ओढतेस काय? कंट्रोल डी मार. डी म्हणजे डाऊन."

मी अंडू करून A3 वर उभी राहिले, Ctrl+D दाबलं, वरचं "कक्ष 7" खाली आलं. खरं सांगते, त्या क्षणी मला या माणसाबद्दल आदर वाटला. मग मी शहाणपणाने A4 ते A33 सिलेक्ट केलं आणि पुन्हा दाबलं. काही नाही. ढिम्म.

"जोरात दाब."

"सर, जोराचा काय संबंध?"

"तुमच्या पिढीचं हेच. दाब म्हटलं की दाबायचं."

दाबलं. कीबोर्ड हलला, शेजारची दोन माणसं वळून बघायला लागली, A4 जसाच्या तसा. सर म्हणाले कीबोर्ड बदलून घे, मग म्हणाले फाइल खराब आहे, मग म्हणाले पूर्वीच्या फाइली अशा नव्हत्या, आणि पूर्वीवर गाडी घसरली की दहा मिनिटं गेली समजा.

भानगड काय होती ते मला संध्याकाळी एकटीने बसल्यावर कळलं. एकाच ओळीत उभं असाल तर Ctrl+D वरच्या ओळीतलं उचलतं. पण अनेक ओळी सिलेक्ट केल्या की ते सिलेक्शनच्या बाहेर बघतच नाही, सिलेक्शनमधली सगळ्यात वरची ओळ खाली उतरवतं. माझी वरची ओळ A4, ती रिकामी. म्हणजे ते इमानदारीत रिकामं रिकाम्यावर उतरवत होतं! मी अजून खाली ओढलं असतं तर पुढचे पाचही कक्ष गुपचूप पुसले गेले असते. सुरुवात A2 पासून करायची, एवढंच होतं हो.

पण सरांना धीर कुठला. "सरक," म्हणाले, माउस हिसकावला, A2 पासून थेट A212 पर्यंत निळं केलं, Ctrl+D, आणि वर हात आपोआप Ctrl+S वर गेला.

"बघ. झालं."

"सर, सगळे कक्ष 7 झाले."

"मग? भरायचंच होतं ना?"

नशीब, सेव्ह केल्यावरही फाइल बंद करेपर्यंत अंडू चालतं. Ctrl+Z मारल्यावर म्हणे, "तुला कळावं म्हणून मुद्दाम दाखवलं."

ते गेल्यावर मी सहा कक्ष सहा वेळा केले, नावापासून शेवटच्या ओळीपर्यंत. खाली B213 मध्ये बेरीज होती, ती E पर्यंत हवी होती, तर B213 ते E213 सिलेक्ट करून Ctrl+R. नियम तोच, फक्त आडवा, सगळ्यात डावीकडचं उजवीकडे जातं. आणि फॉर्म्युला पण आपला आपण सरकतो,

```
=SUM(B2:B212)
=SUM(C2:C212)
```

फार गोड वाटलं. फाइल पाठवली. ग्रुपवर सरांचा मेसेज आधीच पडला होता, "फाइल करून घेतली." करून घेतली! यांनी!

आज सकाळी मॅडमचा फोन, या 32 जणांची माहिती अपुरी का? मला कळेना. उघडून बघते तर A2 ते A33 पिवळंधमक. A2 मॅडमनीच पिवळा केला होता, त्या एकाची माहिती बाकी म्हणून, आणि Ctrl+D नावासोबत रंगही खाली नेतं. बोलणी कोणी खाल्ली ते विचारू नका.

फोन ठेवला तर खुर्चीमागे श्वास.

"पिवळं झालं का? कंट्रोल आर मार. आर म्हणजे रिफ्रेश."

"सर, ते ब्राउझरमध्ये. इथे आर म्हणजे राइट, डावीकडचं उचलतं. आणि हा A कॉलम आहे, याच्या डावीकडे काय आहे सांगा."

सरांनी वाकून स्क्रीनच्या डावीकडे बघितलं. तिथे माझा स्टेपलर होता. तो घेऊन गेले.